ग्रहयुद्ध: एक अंश कुठल्या दिशेने मोजायचा आणि हरला कोण, हे कसं ठरवायचं

कुंडलीत दोन ग्रह एकाच राशीत, एका अंशाच्या आत आले की सॉफ्टवेअर लाल अक्षरांत ‘ग्रहयुद्ध’ असं छापून मोकळं होतं. मग जातक घाबरतो आणि ज्योतिषी दोघांपैकी एका ग्रहाला दुबळा ठरवतो. त्या दोन ग्रहांमध्ये आकाशात प्रत्यक्षात किती अंतर होतं, हे बघायच्या फंदात फारसं कुणी पडत नाही. मीही कित्येक वर्षं पडलो नव्हतो. पंचांगातले अंश-कला वजा करायचे, उत्तर साठ कलांच्या आत आलं की युद्ध झालं, एवढंच शिकलो होतो. डिसेंबर 2020 मध्ये गुरू आणि शनी गच्चीवरून दुर्बिणीने पाहिले तेव्हा या पद्धतीतली गफलत ध्यानात आली. त्यामुळे या लेखात मुख्य उदाहरण त्याच युतीचं घेतो.

आधी कोण लढू शकतं ते बघा

सूर्यसिद्धान्ताच्या ग्रहयुत्यधिकारात पहिल्याच श्लोकात वाटणी करून दिली आहे. मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी हे पाच ताराग्रह. यांची आपसात गाठ पडली तर युद्ध किंवा समागम होतो. यांच्यापैकी कुणी चंद्राजवळ आला तर तो समागम, आणि सूर्याजवळ आला तर अस्त. राहू-केतू हे छेदनबिंदू आहेत. त्यांना बिंब नाही, तेज नाही, त्यामुळे त्यांचं कुणाशी युद्ध होत नाही. ‘राहू-मंगळ ग्रहयुद्ध’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर पान उलटा.

याच पायरीवर सूर्याचं अंतरही तपासून घ्या. बुध आणि शुक्र सूर्याच्या आसपासच घुटमळतात, त्यामुळे त्यांची युती पुष्कळदा सूर्यतेजात बुडालेली असते. दोन्ही ग्रह अस्तंगत असतील तर तेजावरून विजेता ठरवण्यात अर्थ नाही, कारण दिसण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तिथे अस्ताचा विचार आधी करायचा.

भोगातलं अंतर काढा

पंचांगातले स्पष्ट ग्रह घ्या. ते दिवसाच्या एका ठरावीक वेळेचे असतात, ती वेळ कोष्टकाच्या डोक्यावर छापलेली असते. जन्मवेळ वेगळी असेल तर दोन दिवसांच्या आकड्यांतला फरक काढून त्रैराशिकाने मधली स्थिती काढायची. बुध-शुक्रासाठी हे करायलाच हवं, कारण शुक्र दिवसाला सव्वा अंशापर्यंत चालतो आणि बुध त्याहूनही वेगाने. सकाळच्या आकड्यावर रात्रीच्या जन्माचं युद्ध ठरवलं तर ते चुकणारच.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली म्हणजे अयनांश कुठला धरला याने काही बिघडत नाही. दोन्ही ग्रहांतून तोच आकडा वजा होतो, त्यामुळे फरक तोच राहतो. अयनांशावरून भांडायची हौस असेल तर ती दुसऱ्या विषयात भागवा. दुसरी गोष्ट राशीच्या सीमेची. एक ग्रह मेषेत 29 अंश 40 कलांवर आणि दुसरा वृषभेत 0 अंश 15 कलांवर असेल, तर त्यांच्यात फक्त 35 कलांचं अंतर आहे. काही सॉफ्टवेअर राशी वेगळी दिसली की युद्धच मोजत नाहीत. आकाशाला राशीची कुंपणं नसतात.

आता शर बघा, इथेच बहुतेकांचं चुकतं

भोग म्हणजे क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेवर, पूर्व-पश्चिम मोजलेली जागा. पण ग्रह नेमके क्रांतिवृत्तावर चालत नाहीत. त्याच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला थोडे सरकलेले असतात, आणि त्या सरकण्याला शर म्हणतात. सूर्यसिद्धान्ताने एका अंशाची मर्यादा सांगितली आहे ती युतीच्या क्षणासाठी. त्या क्षणी दोघांचा भोग सारखाच असतो, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर शून्य. मग उरतं ते उत्तर-दक्षिण अंतर. श्लोकातला ‘अंशादूने’ हा शब्द या अंतराबद्दल आहे. ते एका अंशाहून कमी असेल तर युद्ध, जास्त असेल तर समागम. समागमात कुणी हरत नाही.

भोगातला एक अंश हा पुढे जातकग्रंथांच्या वापरात रूढ झालेला सोपा नियम आहे. सोपा असल्यामुळे तो टिकला, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो.

16 फेब्रुवारी 2022 चं उदाहरण घ्या. शुक्र आणि मंगळ निरयन धनू राशीत, साडेबावीस अंशांच्या थोडं पुढे, एकाच भोगावर आले. कुठल्याही कुंडलीत हे घनघोर युद्ध दिसेल. पण त्या पहाटे आकाशात शुक्र मंगळाच्या उत्तरेला जवळजवळ सहा अंशांवर होता. हात लांब करून मधली तीन बोटं जुळवून धरली तर ती आकाशात साधारण पाच अंश व्यापतात. एवढी जागा मध्ये मोकळी असताना कोण कुणावर वार करणार? हा समागम होता. त्या दिवशी जन्मलेल्या मुलाचा मंगळ ‘युद्धात हरलेला’ म्हणून बाजूला काढणं मला पटत नाही.

आता त्याच जोडीची 13 जुलै 2021 ची युती बघा, निरयन कर्केत आश्लेषा नक्षत्रात. तेव्हा शुक्र मंगळाच्या उत्तरेला फक्त अर्ध्या अंशावर होता. हे युद्ध खरं. निकालही सरळ होता, कारण शुक्र उत्तरेला होता आणि मंगळापेक्षा शंभरपटीहून जास्त तेजस्वीही. मंगळ हरला, यात मतभेदाला जागाच नव्हती.

शर सगळ्या पंचांगांत रोजचा मिळत नाही. स्टेलेरियम हा मोफत कार्यक्रम संगणकावर घेतलात तर ग्रहावर टिचकी मारल्यावर क्रांतिवृत्तीय भोग, शर आणि तेजस्वितेची प्रत एकाच ठिकाणी दिसते. स्विस एफेमेरिस वापरणाऱ्यांना एका ओळीत काम होतं:

```
swetest -b21.12.2020 -ut18:20 -p56 -sid1 -fPLBS
```

यात 5 म्हणजे गुरू, 6 म्हणजे शनी, तर बुध 2, शुक्र 3 आणि मंगळ 4. ‘B’ या अक्षराने शर मिळतो, ‘S’ ने दिवसाची गती. वेळ जागतिक प्रमाणवेळेत द्यायची असते, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून. हे विसरलात तर बुधाच्या बाबतीत वीस-पंचवीस कलांचा घोळ होऊ शकतो.

जन्म युतीच्या नेमक्या क्षणी नसेल, आणि सहसा नसतोच, तर भोगातला फरक आणि शरातला फरक दोन्ही कलांत घ्या, दोघांचे वर्ग करा, बेरजेचं वर्गमूळ काढा. शाळेतला काटकोन त्रिकोण. उत्तर साठ कलांच्या आत असेल तरच मी युद्ध मानतो.

युद्ध कुठल्या प्रकारचं आहे

सूर्यसिद्धान्त आणि बृहत्संहिता दोघांतही चार प्रकार आहेत. एका बिंबाने दुसरं झाकलं तर भेद. बिंबं एकमेकांना नुसती टेकली तर उल्लेख. बिंबं वेगळी पण किरण मिसळलेले असतील तर अंशुविमर्द. बृहत्संहितेत यालाच अंशुमर्दन म्हटलं आहे. आणि त्याहून लांब, पण अंशाच्या आत, ते अपसव्य.

भेद इतका दुर्मीळ आहे की आपल्या कामात तो येणार नाही. शुक्राने गुरूला झाकल्याची घटना 1818 च्या जानेवारीत घडली होती, आणि तशी पुढची 22 नोव्हेंबर 2065 ला आहे. रोजच्या कुंडल्यांत येतं ते बहुतेक अपसव्य, क्वचित अंशुविमर्द. अपसव्याला एक अट आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. दोघांपैकी एक ग्रह ‘अणु’, म्हणजे स्पष्टपणे बारीक आणि मंद दिसला पाहिजे. दोघेही ठळक असतील तर जय-पराजय उघड होत नाही. म्हणून अपसव्यात तेजाचा फरक जितका मोठा, तितका निकाल पक्का धरायचा.

आता मुख्य प्रकरण: 21 डिसेंबर 2020, गुरू आणि शनी

भारतीय वेळेप्रमाणे रात्री बाराला दहा मिनिटं कमी असताना दोघांचा भोग एक झाला, निरयन मकरेत सुमारे 6 अंश 20 कलांवर, उत्तराषाढा नक्षत्रात. सूर्य सुमारे तीस अंश मागे होता, म्हणजे अस्ताचा प्रश्न नव्हता. गुरूचा शर दक्षिण, सुमारे 30 कला. शनीचा शरही दक्षिण, पण सुमारे 24 कला. मधलं अंतर सहा कला. दुर्बिणीतल्या एकाच चित्रात दोघे मावत होते. नुसत्या डोळ्यांना नीट टक लावली तरच दोन ठिपके वेगळे होत, नाहीतर एकच लांबट तारा. युद्धाचा प्रकार अंशुविमर्द, याबद्दल शंका नको. 1623 नंतर हे दोघे इतके जवळ आले नव्हते.

उत्तरेला कोण? दोघांचाही शर दक्षिण दिसल्यावर काही जण इथे अडतात. उत्तर शर असलेलाच उत्तरेचा, असं नसतं. जो कमी दक्षिणेला तो दुसऱ्याच्या उत्तरेला. म्हणून शनी उत्तरेचा. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की उत्तर उजव्या हाताला येते, आणि शनी खरोखरच गुरूच्या उजव्या बाजूला दिसत होता.

तेजस्वी कोण? गुरू, तोही बऱ्याच फरकाने. प्रतीचा आकडा जितका कमी तितका ग्रह उजळ; त्या दिवशी गुरूची प्रत उणे 2 च्या आसपास होती आणि शनीची अधिक 0.6. म्हणजे गुरू शनीच्या दहापट उजळ. बिंबही गुरूचंच मोठं, शनीच्या गोलाच्या दुपटीहून थोडं जास्त.

म्हणजे एक खूण शनीच्या बाजूने, दुसरी गुरूच्या. अशा वेळी काय करायचं ते वराहमिहिराने बृहत्संहितेत सांगून ठेवलं आहे. हरलेल्याची लक्षणं देताना तो दक्षिणेला असणं पहिलं मोजतो. पुढे रूक्ष, थरथरणारा, बारीक, निस्तेज, रंग उडालेला ही लक्षणं देतो. पण लगेच पुढच्या श्लोकात म्हणतो, ‘विपुलः स्निग्धो द्युतिमान् दक्षिणदिक्स्थोऽपि जययुक्तः’. मोठा, तुकतुकीत, तेजस्वी असेल तर दक्षिणेला असूनही तोच विजयी. सूर्यसिद्धान्तातही ‘याम्येऽपि यो बली’ असं आहेच. म्हणजे उत्तर दिशा ही पहिली खूण, पण बिंबाचं तेज तिला मागे टाकू शकतं. दहापट फरक असल्यावर माझा निकाल गुरूच्या बाजूने जातो. हरला शनी.

शुक्रासाठी सूर्यसिद्धान्ताने वेगळी सवलत दिली आहे: उत्तरेला असो की दक्षिणेला, शुक्र ‘प्रायशो जयी’. त्यामागचं कारण डोळ्यांनी दिसतं, शुक्राएवढा उजळ ग्रह दुसरा नाही. पण ‘प्रायशः’ म्हणजे नेहमी नव्हे, हेही वाचावं.

कमी अंश असलेला जिंकतो, हा नियम?

हा नियम हल्ली सगळीकडे फिरतो. ज्याचे अंश-कला कमी तो विजेता, जास्त तो पराभूत. वापरायला फार सोयीचा, कारण शर लागत नाही, प्रत लागत नाही. याच युतीवर तो लावून बघा.

गुरू शनीपेक्षा वेगाने चालतो. 21 तारखेच्या आधी तो मागे होता, नंतर पुढे गेला. भोगातलं अंतर एक अंशाच्या आत होतं ते साधारण 12 ते 30 डिसेंबर. समजा एका घरात दोन चुलतभाऊ जन्मले, एक 18 डिसेंबरच्या रात्री, दुसरा 25 डिसेंबरच्या रात्री. पहिल्याच्या कुंडलीत गुरू सुमारे 20 कला मागे आहे, म्हणून या नियमाने गुरू जिंकला. दुसऱ्याच्या कुंडलीत गुरू पुढे गेला आहे, म्हणून शनी जिंकला. आकाशात मात्र या आठवड्यात गुरू तसाच उजळ होता, शनी तसाच मंद, आणि शनी उत्तरेला तोही तसाच. पहिल्या मुलासाठी आपलं गणित करून बघा: भोगातला फरक 20 कला, शरातला 6. वर्ग 400 आणि 36, बेरीज 436, वर्गमूळ जवळपास 21 कला. युद्ध आहे, प्रकार अपसव्य, मंद ग्रह शनी, हरला शनी. दुसऱ्याचंही जवळजवळ हेच.

वर उल्लेखलेल्या दोन्ही ग्रंथांत जय-पराजयाच्या खुणा सगळ्या डोळ्यांनी दिसणाऱ्या आहेत. कमी-जास्त अंश ही खूण त्यांत नाही. म्हणून मी हा नियम वापरत नाही.

आणखी एक युक्तिवाद त्या डिसेंबरमध्ये खूप ऐकला. मकरेत शनी स्वगृही, गुरू नीचेचा, मग गुरू कसा जिंकेल? पण नीच-स्वगृहीचा हिशोब स्थानबलात होतोच. युद्धाचा निकाल बिंबावरून लागतो. एकच गोष्ट दोन खात्यांत मांडली की ताळेबंद जुळत नाही.

हरलेल्याचं बळ किती कमी करायचं

षड्बलात युद्धबल कालबलाच्या शेवटी येतं. रीत अशी: दोन्ही ग्रहांचं स्थानबल, दिग्बल आणि तोपर्यंतचं कालबल यांची बेरीज करायची, दोन बेरजांतला फरक काढायचा, तो विजेत्याच्या बेरजेत मिळवायचा आणि पराभूताच्या बेरजेतून वजा करायचा. चेष्टाबल, नैसर्गिक बल आणि दृग्बल त्यानंतर.

काल्पनिक आकडे घेतो. शनी स्वगृही म्हणून 310 षष्ट्यंश, नीच गुरू 265. फरक 45. गुरू जिंकला, म्हणून गुरू 310 आणि शनी 265. म्हणजे दोघांनी आकड्यांची चक्क अदलाबदल केली. दुबळा ग्रह जिंकला की दर वेळी हेच होतं, हा या सूत्राचा गमतीचा भाग. पण तुम्ही चुकून शनीला विजेता धरलंत तर शनी 355 आणि गुरू 220 होतो, म्हणजे अंतर 45 वरून थेट 135, तिप्पट. गुरूला एकूण 390 षष्ट्यंश लागतात आणि शनीला 300. विजेता चुकला तर दोघांचे आकडे प्रत्येकी 90 ने चुकतात, आणि पात्र-अपात्र ठरण्यासाठी तेवढा फरक पुष्कळ झाला.

दोन सॉफ्टवेअरमध्ये युद्धबल वेगवेगळं आलं तर त्याचं कारण बहुधा पुढचं असतं. षड्बलाच्या काही आधुनिक पुस्तकांत हा फरक बिंबमानांच्या फरकाने भागायला सांगितलं आहे. त्यात गुरूचं बिंबमान 190.4 विकला आणि शनीचं 158 दिलं आहे. फरक 32.4. मग 45 भागिले 32.4 म्हणजे 1.4 च्या आसपास, एवढंच मिळवायचं-वजा करायचं. युद्ध होऊनही कुणाला ओरखडाही उठत नाही. शिवाय ही बिंबमानं आकाशात दिसणारी नाहीत. गुरूचं बिंब पृथ्वीवरून साधारण तीस ते पन्नास विकलांचंच दिसतं. 190 हा आकडा ग्रह पृथ्वी-सूर्याइतक्या अंतरावर आणून ठेवला तर दिसेल त्याच्या जवळचा आहे. मी भागाकार करत नाही. तुम्ही करत असाल तर निदान सगळ्या कुंडल्यांना एकच रीत लावा.

फलित सांगताना

शनी हरला म्हणजे तो ज्या भावांचा स्वामी आहे त्या भावांना आधार कमी, आणि त्याच्या दशेत फळ उशिरा आणि ओढाताणीने, असं परंपरा मानते. एवढंच सांगावं. बृहत्संहितेतली ग्रहयुद्धाची भयानक फळं राजे, देश आणि पीकपाण्यासाठी सांगितली आहेत. ती उचलून एका लेकराच्या पत्रिकेवर चिकटवू नका. आणि 60 कलांच्या काठावरचं, म्हणजे 50-55 कलांचं युद्ध असेल, तेजातही फारसा फरक नसेल, तर मी निकालच देत नाही. दोघेही थोडे त्रस्त, असं म्हणून पुढे जातो.

ज्यांना वाटतं की जुन्या आचार्यांना हे ग्रह खरोखर एकमेकांवर आदळतात असं वाटत होतं, त्यांनी त्याच अधिकाराचा शेवट वाचावा. सूर्यसिद्धान्त स्वच्छ सांगतो की ही लोकांच्या शुभाशुभासाठी दाखवलेली कल्पना आहे. ग्रह आपापल्या मार्गाने, एकमेकांपासून दूरच चाललेले असतात. त्या डिसेंबरच्या रात्री गुरू आणि शनी यांच्यात सुमारे 73 कोटी किलोमीटर मोकळी जागा होती.

हीच जोडी पुन्हा एका भोगावर येईल ती 31 ऑक्टोबर 2040 ला, निरयन कन्येत साडेतेवीस अंशांजवळ, सूर्योदयापूर्वी पूर्वेला. तेव्हा दोघांमधलं उत्तर-दक्षिण अंतर एका अंशाहून थोडं जास्त असेल. सॉफ्टवेअर त्याला युद्ध म्हणेल.